रविवारच्या उत्तरात तुम्ही कुठे दिसता?

प्रश्न: डेटिंग ॲपवर ‘माझा परफेक्ट रविवार’ या प्रश्नाला मी लिहिलंय, ‘उशिरा उठणं, मस्त कॉफी, एखादा चांगला सिनेमा आणि मित्रांबरोबर गप्पा.’ यात खोटं काहीच नाही. पण या उत्तरावर कोणी काही बोलतच नाही. सगळे म्हणतात, तपशील घाल. म्हणजे नेमकं काय घालू?

उत्तर: लोकांना प्रोफाइल लिहायला मदत करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि तुमच्यासारखं उत्तर मला जवळजवळ रोज वाचायला मिळतं. ते खरं असतं, हीच त्याची अडचण. तुमचंही खरं, तुमच्या आधीच्याचंही खरं, पुढच्याचंही खरं. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की या माणसाला सुट्टी आवडते.

मग लोक ‘तपशील घाल’ म्हणतात आणि माणूस विशेषणं घालायला लागतो. कॉफी वाफाळती होते, ऊन कोवळं होतं, खिडकीशी एक पुस्तक येतं, बाहेर पाऊसही पाडला जातो. उत्तर लांबतं, पण माणूस होता तिथेच राहतो, कारण हा सगळा तपशील दृश्याचा आहे. उपयोगी तपशील वागण्याचा असतो. तुम्ही काय केलं, कोणासाठी केलं, ते करताना काय सोडलं, हे ज्यातून कळतं तो तपशील ठेवायचा. बाकीचा कितीही सुंदर असला तरी काढायचा.

हा फरक समजून घ्यायला मला एका अभ्यासाची फार मदत झाली. सॅम गॉस्लिंग हे टेक्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्यात अनोळखी लोकांना कुणाच्या तरी ऑफिसात किंवा झोपायच्या खोलीत नेलं, खोलीचा मालक तिथे नसताना, आणि फक्त खोली बघून तो माणूस कसा असेल याचा अंदाज करायला सांगितलं. खोलीतल्या खुणांचे त्यांनी प्रकार पाडले. एक, माणसाने मुद्दाम मांडलेल्या गोष्टी: भिंतीवरचं पोस्टर, दर्शनी ठेवलेली ट्रॉफी. दुसरा, रोजच्या वागण्यातून आपोआप मागे राहिलेल्या गोष्टी: पुस्तकं कशी लावलीत, कागदांचा ढीग किती दिवसांचा आहे, झाडाला पाणी घातलंय की नाही. माणूस किती शिस्तीचा आहे आणि नव्या गोष्टींची त्याला कितपत ओढ आहे, हे अनोळखी लोकांना बऱ्यापैकी बरोबर ओळखता आलं. मनमिळाऊपणा ओळखणं मात्र जड गेलं. साहजिक आहे, माणूस दुसऱ्याशी कसा वागतो हे खोलीतल्या वस्तू फारसं सांगू शकत नाहीत.

रविवारचा प्रश्न म्हणजे वाचणाऱ्याला तुमच्या खोलीत डोकावू देणं, असं मी धरून चालते. ‘मला कुटुंब महत्त्वाचं वाटतं’ हे भिंतीवरचं पोस्टर झालं. ते कोणीही लावू शकतं, म्हणून त्यावर कोणी विश्वासही ठेवत नाही आणि अविश्वासही दाखवत नाही, नुसतं पुढे सरकतं. मला उत्तरात हवी असते ती मागे राहिलेली खूण. आणि वस्तूंमधून मनमिळाऊपणा कळत नाही, म्हणून शक्य असेल तिथे त्या दृश्यात दुसरा एक माणूसही हवा असतो.

ही खूण शोधायची कशी, ते एका माणसाचं उत्तर कसं बदलत गेलं त्यावरून सांगते. त्यांच्या परवानगीने सांगतेय, ओळखता येतील असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ प्रयोगशाळेत काम करतात, वय चौतिशीचं, स्वभावाने कमी बोलणारे. त्यांचं उत्तर होतं:

> भरपूर झोप, थोडा व्यायाम, घरच्यांना वेळ आणि रात्री एखादा चांगला सिनेमा.

मी कोणालाही ‘तुमचा परफेक्ट रविवार कसा असतो’ असं विचारत नाही. असं विचारलं की माणूस कल्पना करायला लागतो, आणि कल्पनेत सगळे एकाच डोंगरावर चढतात. मी गेल्या रविवारबद्दल विचारते, मग त्याच्या आधीच्या, मग त्याच्याही आधीच्या. तीन-चार रविवार पुरतात. हवामानाबद्दल किंवा मूडबद्दल विचारत नाही, हातांबद्दल विचारते.

“गेल्या रविवारी उठल्यावर पहिल्यांदा हात कशाला लागला?”

“फोनला. सगळ्यांसारखाच.”

“मग?”

“मग कप उचलला, रात्रीचा टेबलावर राहिला होता. जरा जपून उचलला, कारण तिथे पट मांडलेला होता.”

“कसला पट?”

“बुद्धिबळाचा. अहो, ते काही विशेष नाही. बहिणीचा मुलगा आहे, दुसऱ्या गावात असतो. आम्ही फोनवर खेळतो. तो चाल सांगतो, मी माझ्याकडच्या पटावर सोंगट्या हलवतो.”

“डाव पुरा होतो?”

“क्वचित. त्याला मध्येच खेळायला जायचं असतं. मग पट तसाच ठेवायचा, पुढच्या रविवारी तिथून पुढे.”

“म्हणजे आठवडाभर टेबलावर पट?”

“हो. मी जेवतो टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागात.”

हे सगळं त्यांनी ‘घरच्यांना वेळ’ या दोन शब्दांत गुंडाळून टाकलं होतं. तुमच्याही उत्तरात असं काहीतरी गुंडाळलेलं नक्की आहे, त्याकडे शेवटी येते.

‘अहो, ते काही विशेष नाही’ असं माणूस म्हणाला की मी कान टवकारते. जी गोष्ट आपण इतक्या नेमाने करतो की तिचं आपल्याला काही वाटेनासं होतं, तीच बाहेरच्याला नवी असते. उलट, जी गोष्ट सांगताना माणूस खुर्चीत ताठ बसतो ती बहुतेक वेळा वर्षातून एकदा घडलेली असते.

त्या तीन-चार रविवारांतून अजूनही गोष्टी निघाल्या. सायकलची साखळी पुसून तेल देणं, आठवड्याचा स्वयंपाक उरकणं, रात्री पाच शर्टांना इस्त्री. यातून निवडायचं कसं? मी प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न लावते. ही पुन्हा पुन्हा घडते का? कोणी सक्ती केलेली नसताना घडते का? आणि हिच्यासाठी काही सोडावं लागतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक लोक विचारायचा विसरतात. माणसाला काय मोलाचं वाटतं हे त्याने कशाचं नाव घेतलं यावरून कळत नाही. त्याने कशासाठी गैरसोय सोसली यावरून कळतं. अर्धं टेबल आठवडाभर एका नऊ वर्षांच्या पोरासाठी अडवून ठेवणं ही छोटीशीच गैरसोय आहे, पण खरी आहे. ‘मला मुलं आवडतात’, ‘मी शब्द पाळतो’, ‘मी घरच्यांना धरून आहे’ ही तिन्ही वाक्यं त्यात आहेत, आणि एकही लिहावं लागत नाही.

इस्त्रीचंही उत्तर होऊ शकलं असतं. फक्त ‘रविवारी रात्री आठवड्याचे कपडे इस्त्री करून ठेवतो’ असं लिहिलं तर ते स्वतःच्या टापटिपीची जाहिरात वाटतं. पण मी खोदल्यावर कळलं की पाचवा शर्ट कधीच होत नाही. मग ते असं झालं:

> रविवारी रात्री पाच शर्ट इस्त्रीला घेतो. चौथ्यानंतर कंटाळतो. शुक्रवारी भेटलात तर समजून घ्या.

हे मला अजूनही आवडतं. यात शिस्त आहे आणि ती कुठे संपते तेही आहे. तरी आम्ही पटाकडे वळलो, कारण शर्टाच्या उत्तरात दुसरा माणूस नव्हता.

आता मांडणी. ही उत्तरं लिहायला जागा फार थोडी मिळते. हिंज या ॲपवर एका उत्तराला दीडशे अक्षरांची मर्यादा आहे आणि अशी तीन उत्तरं द्यावी लागतात. देवनागरीत लिहिणार असाल तर एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. संगणकाच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे धरले जातात. ‘रविवारी’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण तो सात जागा घेऊ शकतो. जोडाक्षरं तर आणखी खातात. प्रत्येक ॲप कसं मोजतं ते वेगळं असू शकतं, म्हणून मजकूर आधी त्या चौकटीत टाकून बघा आणि मगच त्यावर जीव लावा.

दीडशे अक्षरांत दिवस मावत नाही, एक प्रसंग मावतो. सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी अमुक असं वेळापत्रक लिहिलं की प्रत्येक गोष्टीच्या वाट्याला दोन शब्द येतात, आणि दोन शब्दांत कोणीही सगळ्यांसारखाच दिसतो. त्यामुळे सायकल, स्वयंपाक, सिनेमा सगळं काढलं. पहिला खर्डा असा झाला:

> सकाळी फोनवर भाच्याशी बुद्धिबळ. डाव अर्धा राहिला की पट आठवडाभर टेबलावर तसाच. सध्या मी हरतोय, तो नऊ वर्षांचा आहे.

इथे त्यांनी एक सुधारणा सुचवली होती. ‘भाच्याशी वेळ घालवणं मला खूप आनंद देतं’ असं वाक्य शेवटी घालू का, म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. दाखवून झाल्यावर पुन्हा सांगितलं की वाचणाऱ्याला आपल्याला शिकवलं जातंय असं वाटतं. शिवाय ‘सध्या मी हरतोय’ यात तो आनंद आलेलाच आहे.

खर्डा तयार झाला की मी तो त्या माणसाला अजिबात न ओळखणाऱ्या दोन-तीन जणांना देते. नाव नाही, फोटो नाही, नुसता मजकूर. ‘आवडलं का’ हे विचारत नाही, कारण लोक सभ्यपणे हो म्हणतात. दोनच गोष्टी विचारते: हा माणूस कसा असेल असं वाटतं, आणि याला तुम्ही पहिला प्रश्न काय विचाराल? अंदाज तुमच्याशी जुळत नसतील तर तपशील चुकीचा निवडलाय. प्रश्नच सुचत नसेल तर तपशील बरोबर असला तरी बंद आहे.

पटाच्या उत्तरावर अंदाज चांगले आले: शांत, नेमाचा, हरणं मनावर न घेणारा. प्रश्नही आले: शिकवलं कोणी, तू मुद्दाम हरतोस का, मांजर पाळलंस तर काय होईल? पण एक बाई म्हणाल्या, “छान आहे, पण याचा रविवार भरलेला दिसतोय. यात मी कुठे बसू?”

ही गोष्ट मी आता प्रत्येक उत्तरात तपासते, आणि त्यावर जरा थांबते, कारण चांगली लिहिलेली उत्तरंही इथेच अडकतात. रविवार इतका नेटका रंगवलेला असतो की त्यात दुसऱ्या माणसाला शिरायला फटच उरत नाही. सकाळी पळणं, मग वाचन, मग आईबाबा, मग वाद्याचा सराव, रात्री लवकर झोप. वाचणारी व्यक्ती मनाशी म्हणते, वा, छान जगतोय, जगू दे. हे उत्तर कोण वाचणार आहे हे विसरून चालत नाही. ते वाचणारी व्यक्ती नकळत त्या दिवसात स्वतःला ठेवून बघत असते. तिला रिकामी खुर्ची दिसली पाहिजे.

याचा अर्थ ‘आणि हे सगळं करायला सोबत तू’ असं लिहायचं, असा नाही. तसं लिहिलं की तुम्ही कोणाचीही वाट बघताय असं वाटतं, आणि त्या जागेला चेहरा उरत नाही. फट लहान हवी आणि तिथे करण्याजोगं काहीतरी हवं. आमचं शेवटचं उत्तर असं झालं:

> सकाळी फोनवर भाच्याशी बुद्धिबळ. डाव अर्धा राहिला की पट आठवडाभर टेबलावर तसाच. सध्या मी हरतोय, तो नऊ वर्षांचा आहे. दुपार मोकळी असते, पुढची चाल सुचवा.

काना-मात्रा धरूनही हे दीडशेच्या आत जेमतेम बसलं. शेवटच्या वाक्यामुळे बोलायला सुरुवात सोपी झाली. हिंजसारख्या ॲपवर एखाद्या विशिष्ट उत्तरावर किंवा फोटोवरच थेट टिप्पणी करता येते, म्हणून ही सोय फार कामाची आहे. बुद्धिबळ येणारे चाल सुचवतात, न येणारे ‘घोडा कुठेही ठेवा’ म्हणतात, काही जण भाच्याची बाजू घेतात. तिन्ही ठिकाणी बोलणं सुरू होतं.

हे चाललं की नाही, ते कसं ओळखायचं? किती जणांनी पसंती दिली यावरून नाही. पसंती मोठ्या प्रमाणावर फोटोंवर जाते, त्यात या एका उत्तराचा हिस्सा वेगळा काढता येत नाही. बघायचं ते हे, की येणाऱ्या निरोपांपैकी किती जण त्या उत्तराला धरून बोलतात. आधी नुसतं ‘हाय, कसा आहेस’ यायचं आणि आता पटाबद्दल विचारणा होते, तर उत्तर काम करतंय. आणि एका वेळी एकच उत्तर बदला. फोटो, रविवार आणि बाकीची दोन उत्तरं एकदम बदललीत तर कशाने काय झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. एक बदल करून दोनेक आठवडे तसाच राहू द्या.

आता काही सावधगिरी, कारण ‘तपशील घाला’ हा सल्ला अर्धवट घेतला तर महागात पडतो.

पहिली गोष्ट सुरक्षेची. ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा एकाच उत्तरात कधीही लिहू नका. ‘दर रविवारी सकाळी सातला अमुक तळ्याभोवती पळतो’ हे सुरेख ठोस वाक्य आहे, आणि कोणाही अनोळखी माणसाला तुम्ही कधी कुठे एकटे सापडाल हेही ते सांगतं. बायकांना हे सांगावं लागत नाही, पुरुषांना सांगावं लागतं. वेळ लिहायची तर जागा मोघम ठेवा, जागा लिहायची तर वेळ काढून टाका. फोटोच्या मागे त्याच जागेची पाटी दिसत असेल तर तीही धरा. मुलांबद्दल लिहिताना नाव, शाळा, फोटो काही नको. वर ‘भाचा’ आणि साधारण वय एवढंच आहे, आणि तेही त्यांनी आधी बहिणीला विचारून घेतलं.

दुसरी गोष्ट, जगत नसलेला रविवार लिहू नका. पहाटे उठून टेकडी चढायला तुम्ही दोन वर्षांपूर्वी एकदा गेला होतात, तर तो तुमचा रविवार नाही. ओळखायची खूण सोपी आहे: ‘शेवटचं कधी केलं होतं’ याचं उत्तर द्यायला आठवावं लागत असेल तर ती गोष्ट काढून टाका. यात नैतिकतेचा प्रश्न नंतरचा. आधी नुकसान तुमचंच आहे. ज्यांना खरंच दर रविवारी टेकडी चढायची असते असे लोक तुमच्याकडे येतात, आणि तुमच्यासारखी दुपारपर्यंत लोळणारी, तुमच्याशी जमलं असतं अशी माणसं तुम्हाला बघून पुढे जातात.

‘पण प्रश्न तर परफेक्ट रविवारचा आहे, रोजचाच कसा लिहू’ असं बरेच जण म्हणतात. त्यावर माझा उपाय असा: खरा रविवार घ्या आणि त्यात फक्त एक गोष्ट तुमच्या मनासारखी करा. एक परिचारिका होत्या, त्यांची रविवारची पाळी कधी असायची, कधी नसायची. त्यांनी लिहिलं, ‘गजर न लावता झोपायचं, आणि तरी गजराच्याच वेळी जाग आल्यावर पुन्हा कूस बदलायची.’ यात रोजचं आयुष्यही आलं आणि इच्छाही आली. सुट्टी रविवारी नसेल तर ज्या दिवशी असते तो दिवस लिहा, बिनधास्त. ‘माझा रविवार मंगळवारी येतो’ एवढ्यावरही लोक थांबून विचारतात.

तिसरी गोष्ट, तक्रार आणि अटी. ‘रविवारी सकाळी दहाच्या आधी फोन करणारे नकोत’ यातही सवय दिसते, पण ती भांडणाच्या अंगाने दिसते. तीच गोष्ट ‘दहापर्यंत माझा फोन स्वयंपाकघरात, मी दुसऱ्या खोलीत’ अशी लिहिता येते. काही लोक अटी लिहितात कारण आधीच्या नात्यात काही सोसलेलं असतं. ते मला कळतं. तरी ते या दीडशे अक्षरांत मावत नाही, ते दोन भेटींनंतर बोलायचं.

जड गोष्टींचंही तसंच. कोणाचा रविवार आजारी वडिलांपाशी जातो. लपवायचं कारण नाही, पण पूर्ण परिस्थिती मांडायचीही ही जागा नाही. तिथे मी आजार बाजूला ठेवून त्या दोघांत काय घडतं ते विचारते. एकांच्या वडिलांना जुन्या क्रिकेट सामन्यांचं समालोचन ऐकायला आवडायचं आणि निकाल माहीत असूनही ते दर वेळी पैज लावायचे. ते लिहिलं. वाचणाऱ्याला जबाबदारीही समजली आणि घरातलं वातावरणही.

विनोद आला तर येऊ द्या, ओढून आणू नका. आणि बाकीच्या दोन उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा नको. रविवारी भाचा, आवडत्या आठवणीत भाचा, फोटोत भाचा असं झालं तर लोकांना वाटतं प्रोफाइल भाच्याचंच आहे.

आता तुमच्या उत्तराकडे येते. ‘उशिरा उठणं, मस्त कॉफी, एखादा चांगला सिनेमा, मित्रांबरोबर गप्पा.’ चार गोष्टी आहेत, त्यातली पहिली सोडून द्या, तिच्यात निवड दिसत नाही. कॉफी तेव्हाच ठेवा जेव्हा ती करण्यात तुमचा काही हट्ट असेल किंवा ती तुम्ही आणखी कोणासाठी करत असाल. सिनेमाच्या बाबतीत स्वतःला विचारा: कोणता बघायचा हे कोण ठरवतं? ठरवण्यातच अर्धा तास जातो का? एकच सिनेमा पुन्हा पुन्हा लागतो का? मध्येच झोप लागते का? सिनेमाच्या नावापेक्षा यात जास्त माणूस सापडेल.

पण माझा अंदाज आहे की तुमचं उत्तर गप्पांमध्ये आहे, कारण तुमच्या यादीत दुसरी माणसं फक्त तिथेच आहेत. गेल्या तीन रविवारी भेटायचा निरोप पहिल्यांदा कोणी टाकला? जमता कोणाकडे? उशिरा येणारा ठरलेला कोण, आणि त्याची वाट बघता की त्याच्याशिवाय सुरू करता? शेवटी कप कोण विसळतं? उठून निघाल्यावर दारात उभं राहून पुन्हा किती वेळ बोलता? एकेका रविवारची उत्तरं वेगवेगळ्या कागदावर लिहा, शब्दांची काळजी न करता. तिन्ही कागदांवर जी गोष्ट आपोआप आली असेल आणि जी लिहिताना ‘यात काय विशेष’ असं वाटलं असेल, तिच्याखाली रेघ मारा. मग तेवढीच गोष्ट ॲपच्या चौकटीत बसवून बघा, आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या कोणाला तरी वाचायला द्या.